सखीला चिनी नाव हवंय

शांघायमध्ये इस्पितळात कुणाला भेटायला जाताना सफरचंदं नेत नाहीत. निदान जुनी माणसं तरी नेत नाहीत. तिथल्या बोलीत 'सफरचंद' हा शब्द 'आजारानं वारला' या शब्दासारखा ऐकू येतो. उशाशी सफरचंदांची पिशवी ठेवायची म्हणजे रुग्णाच्या तोंडावर अभद्र बोलायचं. गंमत अशी की, प्रमाण चिनीत, म्हणजे मँडरिनमध्ये, तेच फळ शुभ ठरतं. त्याच्या नावातलं 'पिंग' हे अक्षर 'सुखरूप' या अर्थाच्या शब्दातल्या पहिल्या अक्षरासारखंच उच्चारलं जातं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथली तरुण मुलं एकमेकांना चकचकीत कागदात गुंडाळलेली सफरचंदं देतात, ती त्यामुळेच.

घड्याळाचंही तसंच. भिंतीवरचं घड्याळ भेट देणं आणि मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं, या दोन्ही वाक्प्रचारांचा उच्चार एकच आहे. 'चार' हा आकडा 'मरण' या शब्दाच्या इतका जवळ जातो, की कित्येक इमारतींत तिसऱ्या मजल्यानंतर थेट पाचवा येतो. हे सगळं अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येईल. पण ज्याला औषधाचं किंवा आजारपणात लागणाऱ्या यंत्राचं नाव चिनीत न्यायचंय, त्याला ते सोडून देता येत नाही. आजारी माणूस आणि त्याच्या घरचे लोक शब्द जरा जास्तच कान देऊन ऐकतात.

नाव किंवा जाहिरातीची ओळ दुसऱ्या भाषेत नव्यानं घडवण्याच्या कामाला धंद्यात ट्रान्सक्रिएशन म्हणतात. मराठीत त्याला पुनर्रचना म्हणता येईल. आपल्याकडे परदेशी यंत्र आलं की आपण त्याचं नाव देवनागरीत जसंच्या तसं लिहून मोकळे होतो. ग्लुकोमीटर, पेसमेकर, नेब्युलायझर. अर्थ कळला नाही तरी उच्चार करता येतो, आणि तेवढ्यावर भागतं. चिनीत ही सोय नाही. तिथं नुसता आवाज लिहायला वर्णमालाच नाही. प्रत्येक अक्षर म्हणजे एक उच्चार, आणि त्याला चिकटलेला एक अर्थ. तुम्ही 'का' लिहायला गेलात तरी कुठला 'का' हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवताक्षणी अर्थ आत येतो, तुम्ही बोलावलेला असो वा नसो.

त्यात उच्चारांची टंचाई. चढ-उतार बाजूला ठेवले, तर मँडरिनमध्ये साधारण चारशेच उच्चार आहेत. चार सूर धरले तर तेराशेच्या आसपास. नित्य वापरातली अक्षरं मात्र साडेतीन हजार. म्हणजे एकाच उच्चारावर अनेक अक्षरं दाटीवाटीनं बसलेली. मराठीत 'पान' म्हटल्यावर झाडाचं, वहीचं की विड्याचं हे संदर्भानं कळतं, आणि असे शब्द आपल्याकडे मोजके आहेत. तिथं जवळजवळ प्रत्येक उच्चार हा असा 'पान' असतो.

ज्यांना हे जमलं त्यांची नावं बघण्यासारखी आहेत. कानात बसवायच्या कृत्रिम श्रवणयंत्रांची कोक्लियर ही कंपनी चीनमध्ये 'ख-ली-अर' होते. विज्ञान, लाभ, आणि शेवटी कान. आवाज मूळचा आणि अर्थ धंद्याचा, दोन्ही एका दगडात. दात सरळ करणारी इनव्हिजलाइनची पारदर्शक कवचं तिथं 'यिन-श-मेइ' आहेत: लपलेलं, अंगासरशी बसणारं, सुंदर. अ‍ॅक्युव्ह्यू लेन्सना 'आन-श-यौ' म्हणतात, म्हणजे निर्धास्त, दृष्टी, उत्तम. याउलट दंडावर चिकटवून साखर मोजणाऱ्या फ्रीस्टाइल लिब्रेसाठी 'लिब्रे' या आवाजाचा नाद सोडला गेला आणि 'शुन-गान' हे नाव आलं: क्षणात जाणवणारं. मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राचं वैद्यकाशी काही नातं नाही, पण त्याची गोष्ट इथं हवीच. उतरत्या सुरातल्या 'बिंग'चा अर्थ आहे आजार. म्हणून चीनमध्ये ते 'बी-यिंग' झालं, म्हणजे हमखास उत्तर देणारं.

आणि नाव देण्यात ढिलाई झाली तर लोक स्वतःच देतात. फायझरनं व्हायग्राला 'वान-आय-ख' असं सोज्वळ नाव दिलं, पण गावभर झालं ते 'वेइ-ग', म्हणजे 'थोर दादा'. हे लोकांचं लाडकं नाव मग ग्वांगचौच्या एका औषध कंपनीकडे गेलं, आणि ते परत मिळवायला फायझर कोर्टात गेली तर हरली.

हे काम आतून कसं चालतं ते दाखवायला खरं उदाहरण द्यायला हवं होतं, पण नाकारलेल्या नावांच्या याद्या कंपन्या बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून एक यंत्र मीच कल्पून घेतो. घरी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर मोजायचा साधा ग्लुकोमीटर. भारतीय कंपनीचा. नाव 'सखी'. मराठी कानाला किती गोड! कंपनीचं म्हणणं, चीनमध्येही हेच नाव ठेवा, फक्त त्यांच्या लिपीत लिहा.

पहिलीच अडचण अशी, की मँडरिनमध्ये 'खी' हा उच्चारच नाही. 'की', 'गी', 'ही' यांपैकी काहीच नाही. सगळ्यात जवळचं म्हणजे 'छी'. (मराठी माणूस इथंच थांबेल, पण आपल्याला चिनी कान लावायचेत.) 'सा'साठी अक्षरं मोजकीच. त्यांतलं बरं म्हणजे बोधिसत्त्वाच्या चिनी नावात येणारा 'सा'. 'छी'साठी एक सुंदर अक्षर आहे, त्याचा अर्थ मूल्यवान रत्न. दोन्ही जोडून कागदावर 'सा-छी' झकास दिसतं. बोधिसत्त्वाचं रत्न! कंपनीच्या लोकांना हे असं समजावून सांगितलं की ते लगेच खूश होतात, आणि तिथंच पुष्कळ नावं फसतात. कारण दुकानात कुणी अक्षरांची फोड करत बसत नाही.

तोंडानं म्हटलं की काय होतं? सूर थोडा हलला की 'सा-छी' म्हणजे टायरमधली हवा जाणं, किंवा एकाचा राग दुसऱ्यावर काढणं. हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. बरं, हे तरी हसण्यावारी नेता येईल. पण दक्षिण चीनमध्ये कोट्यवधी लोक 'श' आणि 'स' यांत फरक करत नाहीत. आपल्याकडे 'शाळा'ची 'साळा' होते ना, तसंच. मग त्यांच्या तोंडी दोन शब्द एकमेकांत मिसळतात: 'सा-छी' आणि 'शा-छी'. शा-छी म्हणजे जीव घ्यायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो तो खुनशीपणा. बोटाला सुई टोचणाऱ्या यंत्राला हे नाव द्यायचं?

आवाज सोडावा लागला. मग अर्थ धरायचा: सखी, मैत्रीण, सोबत.

आजच्या चिनीत जिवाभावाच्या मैत्रिणीला 'ग्वेइ-मी' म्हणतात. तरुण मुलींच्या तोंडी सारखा असतो हा शब्द. आणि त्यातलं 'मी' हे अक्षर आहे मधाचं. मधुमेहाच्या यंत्रावर मध! इथं मराठी वाचक म्हणेल की आपल्या 'मधुमेहा'तही मध आहेच की, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. खरं आहे. आजाराच्या नावात मध असला तरी चालतो, कारण तो शब्द इतका झिजलाय की त्यात मध कुणाला दिसत नाही. यंत्राचं नाव मात्र नवंकोरं असतं, आणि नव्या नावातलं प्रत्येक अक्षर लोक वाचतात. शिवाय साठीच्या पुढच्या आजोबांना 'मैत्रीणबाई' नावाचं यंत्र खिशात घालून फिरायला कितपत आवडेल, हा वेगळाच प्रश्न. ग्वेइ-मी गेलं.

मग कुणीतरी 'थांग-बान' सुचवतं. थांग म्हणजे साखर, बान म्हणजे सोबती. चीनमध्ये मधुमेही लोक एकमेकांना 'थांग-यौ' म्हणतात, म्हणजे साखर-मित्र. त्याच चालीचं हे नाव आपुलकीचं वाटतं, आणि धंद्याचा शब्दही पोटात येतो. अक्षरं बरोबर, अर्थ बरोबर. परीक्षकाकडे ते फक्त ऐकवलं, लिहून न दाखवता, की मात्र तो विचारतो: टोमॅटो?

कारण त्याच उच्चाराचा, त्याच सुराचा दुसरा 'बान' आहे, आणि त्याचा अर्थ कालवणं. उन्हाळ्यात टोमॅटोच्या फोडींवर साखर भुरभुरवून खातात, तो घरोघरचा पदार्थ. त्याच्या नावाची सुरुवातच 'थांग-बान' अशी होते: साखर घालून कालवलेलं. मधुमेहाच्या डॉक्टरनं रुग्णाला फोनवर सांगायचं, "घरी थांग-बान घेऊन या." कागदावरचा साखरेचा सोबती फोनवर साखरेत घोळलेला टोमॅटो होतो.

या तीन नावांवरून तपासणी कशी करायची तेही कळतं. आधी ऐकवायचं, मग दाखवायचं, आणि दोन्ही वेळा प्रश्न मोकळा ठेवायचा. 'या नावात काही वाईट वाटतं का?' असं विचारलं की माणूस शोधून शोधून काहीतरी काढतोच. 'हे ऐकून पहिल्यांदा काय आठवलं?' असं विचारायचं. टोमॅटो आपणहून आला तर नाव बाद. पाच मिनिटं डोकं खाजवून आला तर नुसती नोंद करायची. हा फरक न कळणारा तपासनीस एकही नाव जिवंत ठेवत नाही. चारशे उच्चारांच्या भाषेत नेटानं शोधलं तर प्रत्येक नावाखाली एखादं मढं निघतंच. 'आराम' या अर्थाचा 'शू' आणि 'हरणं' या अर्थाचा 'शू' यांचा सूरही एक आहे. तरी आरामाचा 'शू' कितीतरी खपाऊ मालांच्या नावांत सुखानं नांदतो.

दुसरी चाचणी कळफलकावरची. चिनी माणूस फोनवर रोमन अक्षरांत उच्चार टाइप करतो आणि खाली आलेल्या पर्यायांतून अक्षरं निवडतो. सूर टाइप करायची गरज नसते. म्हणजे दुकानाच्या संकेतस्थळावर तुमचं यंत्र शोधणारा माणूस आधी बिनसुरांचे पर्याय बघणार आणि मग तुमचं नाव. म्हणून उमेदवार नाव स्वतः टाइप करून पाहायचं आणि वर काय येतं ते लिहून ठेवायचं. आद्याक्षरंही बघायची, कारण गप्पांत लोक नावाची दोनच अक्षरं लिहितात, आणि `SB` ही जोडी तिथं सरळसरळ शिवी आहे.

सखीच्या यादीतलं चौथं नाव मला सगळ्यात आवडतं, कारण ते फक्त शिकलेल्या माणसालाच खुपतं. 'आन-च्र'. आन म्हणजे निर्धास्त, सुरक्षित. च्र म्हणजे जाणणं. निर्धास्तपणे जाणून घ्या! मोजायच्या यंत्राला याहून चांगलं काय हवं? पण जुन्या चिनीत 'आन' हे प्रश्नार्थक अव्ययही आहे, आणि 'आन-च्र' हे दोन शब्द जवळ आले की अर्थ होतो, 'कसं काय कळणार?' माशांचा आनंद तुला कुठून कळला, या च्वांगत्झच्या प्रसिद्ध वादात हीच जोडी येते, आणि तो वाद शाळेत जाणाऱ्या पोरालाही ऐकून ठाऊक असतो. साखर मोजायच्या यंत्रावर लिहिलंय: कसं काय कळणार! शब्दकोशात दोन्ही अक्षरं तपासून पाहिली तर हा दोष सापडत नाही. तो जोडीत आहे, आणि जोडी ओळखायला तिथं वाढलेला माणूसच लागतो.

उरलं 'आन-बान'. निर्धास्त, सोबती. ऐकवलं तर पहिलं उत्तर सहसा 'सुरक्षेचं काहीतरी' असं येईल, कारण कारखान्यांतल्या सुरक्षितता कार्यालयाचं लघुरूपही असंच उच्चारलं जातं. कंटाळवाणं आहे, पण अशुभ नाही. टाइप केलं, `anban`, तर पर्यायांत हमखास दिसतो भाजी चिरायचा पाट. त्याचे दोन्ही सूर वेगळे आहेत, तोंडी घोटाळा होत नाही, फक्त पडद्यावर शेजारी येतो. बोटातून रक्त काढणारं यंत्र आणि शेजारी चिरायचा पाट, हे काही छान नाही. तरी मी ही नोंद पिवळ्या रंगात ठेवीन, लाल नाही. आणि आद्याक्षरं `AB`: रक्तगट! रक्ताच्या यंत्राला ते शोभूनच दिसतं.

भारतीय कंपनीच्या मालकाला हे नाव ऐकून भलताच आनंद होईल हे वेगळं सांगायला नको. आन, बान, आणि पुढे शानही लावा म्हणेल. त्याला नम्रपणे सांगावं लागेल की चीनमध्ये हा शब्दप्रयोग कुणाच्या बापालाही ठाऊक नाही.

आता ओळ. जाहिरातीत नावाखाली येते ती, टॅगलाइन. समजा मूळ ओळ अशी आहे: 'एक थेंब. अचूक उत्तर. वेदना नाही.'

यातले तीनपैकी दोन तुकडे भाषेपर्यंत पोचायच्या आधीच गळतात. चीनचा जाहिरात कायदा वैद्यकीय उपकरणांच्या जाहिरातीत गुणकारीपणाची किंवा सुरक्षिततेची ठाम ग्वाही देऊ देत नाही. बरं होण्याचं प्रमाण सांगता येत नाही, दुसऱ्याच्या यंत्राशी तुलना करता येत नाही, 'सर्वोत्तम' हा शब्द तर कुठल्याच मालाला लावता येत नाही. उपकरणाच्या सर्वसाधारण नावाचे नियम आणखी कडक आहेत. 2016 पासून लागू असलेल्या त्या नियमांत 'अचूक' आणि 'तत्काळ गुणकारी' या शब्दांना नावातच बंदी आहे. घरी वापरायच्या उपकरणाच्या जाहिरातीवर 'माहितीपत्रक नीट वाचा किंवा डॉक्टर-नर्सच्या सल्ल्यानं घ्या आणि वापरा' हे वाक्यही छापावं लागतं.

आणि 'अचूक' म्हणणं तसं खरंही नाही. घरगुती ग्लुकोमीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक 2013 सालचं आहे. त्यानुसार रक्तातली साखर 100 किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा शंभरातले पंच्याण्णव आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत असले की यंत्र पास. म्हणजे खरी साखर 200 असताना यंत्रानं 170 दाखवलं किंवा 230 दाखवलं, तरी ते नियमात बसतं. घरच्या घरी कल बघायला हे पुरेसं आहे. 'अचूक उत्तर' म्हणायला नाही. कायद्यानं इथं जाहिरात लिहिणाऱ्याला खोटं बोलण्यापासून वाचवलंय असं मला वाटतं.

ओळीत आकडा असेल तर आणखी एक खड्डा. भारतात साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, चीनमध्ये मिलिमोलमध्ये. आपल्या आकड्याला 18 नं भागायचं. आपला 126 म्हणजे त्यांचा 7. 'एकशेचाळीसच्या आत राहा' ही ओळ तशीच चिनीत नेली, तर यंत्र बिघडलंय असंच वाचणाऱ्याला वाटेल.

मग उरतं काय? एक थेंब. आणि आकडा कळल्यावर मनाला मिळणारा निवांतपणा. 'थेंब' आणि 'रक्त' एकत्र आले की चिनीत त्याची चव बदलते. मोठं नुकसान झालं किंवा प्रेमात पोळलं की 'काळजातून रक्त ठिबकतंय' असं तिथं म्हणतात. म्हणून 'रक्त' हा शब्द काढायचा आणि नुसता थेंब ठेवायचा. कुठला थेंब ते सुई टोचून घेणाऱ्याला कळतंच.

दुसऱ्या भागासाठी चिनीत एक तयार चतुरक्षरी म्हण आहे: 'शिन-चोंग-यौ-शू'. शब्दशः, मनात आकडा आहे. अर्थ असा की मला परिस्थिती पुरती ठाऊक आहे, मी अंधारात नाही. बायको नवऱ्याला विचारते, महिनाअखेर भागेल ना? तो म्हणतो, शिन-चोंग-यौ-शू. साखर मोजायच्या यंत्राला हे असं बसतं की जणू म्हण त्याच्यासाठीच झाली होती, कारण इथं मनातला आकडा खराखुरा आकडा असतो. पुढे चार अक्षरांत 'एका थेंबाच्या अवधीत' हे जोडलं की आठ अक्षरांची ओळ तयार होते. चार आणि चार. चिनी कानाला हा ठेका ओव्यांसारखा ओळखीचा.

म्हणीतलं एखादं अक्षर बदलून कोटी करायचा मोह मात्र इथं आवरावा लागतो. एके काळी चिनी जाहिराती अशा कोट्यांवरच जगत. 'क्षणाचाही विलंब नको' या अर्थाची एक म्हण आहे. तिच्यातला 'क्षण' काढून जवळच्या उच्चाराचा 'खोकला' घालायचा, की खोकल्याच्या औषधाची जाहिरात तयार. 2014 साली सरकारच्या प्रसारण खात्यानं फतवा काढला आणि टीव्ही-रेडिओवर म्हणींची अशी मोडतोड बंद करायला सांगितलं. त्यात हे खोकल्याचं उदाहरण नावानिशी दिलं होतं. मुलांची भाषा बिघडते, हे कारण. आपली म्हण न मोडता बसली, हे नशीब.

ओळीची तपासणी नावापेक्षा सोपी असते, कारण वाक्यात शेजारचे शब्द एकमेकांना सांभाळून घेतात. 'चोंग'चा उच्चार 'शेवट' या अर्थाच्या अक्षरासारखाच आहे, पण या म्हणीत तो कुणालाही ऐकू येत नाही. तरी एक चिठ्ठी ओळीला कायमची टाचून ठेवावी लागते: ही अक्षरं जपानला पाठवू नका. जपानी लिपीत चिनी अक्षरं चालतात, म्हणून तिथल्या खोक्यावर हीच ओळ डकवायचा आळस कुणीतरी करणारच. 'मनात' या अर्थाची ही दोन चिनी अक्षरं जपानी माणूस 'शिंजू' अशी वाचू शकतो, आणि शिंजू म्हणजे प्रेमिकांनी जोडीनं केलेली आत्महत्या.

इतकं लांब कशाला, हाँगकाँगसाठीसुद्धा वेगळा कागद लागतो. तिथली लिपी जुन्या वळणाची आणि बोली कँटोनीज. मर्सिडीज बेंझ मुख्य भूमीवर एका नावानं विकली जाते, हाँगकाँगमध्ये दुसऱ्या आणि तैवानमध्ये तिसऱ्या. ग्लुकोमीटरचं सर्वसाधारण नावही बदलतं: मुख्य भूमीवर त्याला 'श्वे-थांग-यी' म्हणतात, तैवानमध्ये शेवटचं अक्षर बदलून 'श्वे-थांग-ची'. कँटोनीजमध्ये 'आन-बान'चं साधारण 'ऑन-बुन' होतं, आणि तिथं सोबतीचा 'बुन' आणि फितुरीचा 'बुन' एकच आहेत. सोबती हे अक्षर रोजच्या वापरातलं असल्यामुळे फितुरी सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण हे मी इथं बसून म्हणून उपयोग नाही. हाँगकाँगच्या चार-पाच माणसांना, त्यातही म्हाताऱ्यांना, ऐकवूनच ते ठरवायचं.

एवढं सगळं पार पडलं की नाव वकिलाकडे जातं, आणि पुष्कळदा तिथंच मरतं. चीनमध्ये जो आधी अर्ज करतो त्याचा ट्रेडमार्क. वैद्यकीय उपकरणांच्या दहाव्या वर्गात 'आन', 'खांग' म्हणजे आरोग्य, 'मेइ' म्हणजे सुंदर असल्या शुभ अक्षरांच्या दोन-अक्षरी जोड्यांवर आधीच गर्दी आहे. सखीचं 'आन-बान' तिथं टिकेलच असं मी सांगणार नाही. म्हणून कंपनीला एक नाव कधीच देऊ नये. तिघा-चौघांची, पसंतीच्या क्रमानं लावलेली आणि प्रत्येकाचे दोष समोर लिहिलेली यादी द्यावी. आणि परदेशी विकायला निघालेल्या आपल्या कारखानदारांना माझं एवढंच सांगणं: चिनी नाव ठरवायचं काम खोक्याची छपाई झाल्यावर काढू नका. चीनमध्ये माल दाखवायला पहिलं प्रदर्शन भरवाल, त्याच्या आधी नाव ठरवा आणि अर्ज टाका. नाहीतर नाव दुसराच कुणी तुमच्या आधी नोंदवेल, आणि मग तुमची सखी त्याच्या नावावर असेल.